फ्लिप-फ्लॉपची ओरल: प्रश्न कोणत्या क्रमाने येतात आणि उत्तर कुठे थांबवायचं

ज्युनिअर मंडळी, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलची तारीख लागली की ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो: "फ्लिप-फ्लॉपचे इम्पॉर्टंट प्रश्न पाठव ना." पन्नास प्रश्नांची यादी येते, ती रात्रभर घोकली जाते आणि सकाळी एक्स्टर्नलच्या दुसऱ्याच प्रश्नाला सगळी गाडी अडकते. पहिला प्रश्न यादीतला असतो. दुसरा मात्र तुम्ही नुकत्याच दिलेल्या उत्तरातून निघतो, आणि तो यादीत नसतो.

मी स्वतः दोनदा अशी अडकलेय, आणि शेवटच्या वर्षाला येईपर्यंत लॅबच्या दारात उभं राहून इतरांनाही अडकताना पाहिलंय. म्हणून खालचे प्रश्न एका साखळीत लावलेत. लॅचमधून एसआर, एसआरच्या अडचणीतून जेके, जेकेच्या अडचणीतून रेस-अराउंड, तिथून मास्टर-स्लेव्ह. याच क्रमाने वाचा, कारण बहुतेक वेळा प्रश्नही याच क्रमाने येतात.

## टप्पा १: आदल्या रात्रीची तयारी

पुस्तक उघडण्याआधी जर्नल उघडा आणि तुम्ही प्रत्यक्ष कोणते आयसी लावले ते बघा. बहुतेकांचं उत्तर 7400, 7474 आणि 7476 असं असेल. एक्स्टर्नलच्या हातात तुमचंच जर्नल असतं. त्यात नॅन्ड गेटची आकृती असेल आणि तुम्ही नॉर गेटचा टेबल म्हणून दाखवलात, तर पुढचं सगळं अवघड होतं.

मग कोऱ्या कागदावर, न बघता, चार गोष्टी काढा: नॅन्ड गेटचा एसआर लॅच, क्लॉक लावलेला जेके, 7476 च्या पिना आणि एसआर व जेकेचे एक्सायटेशन टेबल. अडाल तिथे खूण करा आणि तेवढंच वाचा. एका बैठकीत सगळं पुस्तक संपवायला जाऊ नका, त्यात फक्त झोप जाते.

तपासा: 7476 ला सप्लाय कुठे द्यायचा? सोळा पिनांच्या आयसीला सवयीने आपण १६ वर पाच व्होल्ट आणि ८ वर ग्राउंड देतो. 7476 मध्ये सप्लाय पिन ५ वर आणि ग्राउंड पिन १३ वर आहे. सेकंड इयरला मी १६ आणि ८ वर तारा लावून पाऊण तास बसले होते. आयसी खराब आहे म्हणून दोनदा बदलूनही घेतला. आयसी बिचारा ठीक होता, त्याला सप्लायच मिळत नव्हता: १६ वर पहिल्या फ्लिप-फ्लॉपचा K आहे आणि ८ वर दुसऱ्याचा क्लिअर.

## टप्पा २: लॅच आणि फ्लिप-फ्लॉप यांतला फरक

ओरल बहुधा इथूनच सुरू होते.

प्रश्न: लॅच आणि फ्लिप-फ्लॉप यांत फरक काय?

उत्तर: "लॅच लेव्हलवर चालतो. एनेबल चालू असेपर्यंत इनपुट बदललं की आउटपुट बदलतं. फ्लिप-फ्लॉप क्लॉकच्या कडेवर चालतो. कड आली त्या क्षणी इनपुटवर जे होतं तेच तो घेतो, नंतर पुढच्या कडेपर्यंत बदलत नाही."

इथेच थांबा. "फ्लिप-फ्लॉपला क्लॉक असतो, लॅचला नसतो" हे वाक्य जोडू नका. एनेबलच्या जागी क्लॉक लावलेला लॅचही असतोच, आणि लगेच "मग गेटेड लॅच म्हणजे काय?" असा प्रश्न येतो.

पुढचा प्रश्न: किटवर हे कसं दाखवाल?

उत्तर: "एनेबल एकवर ठेवून डी-लॅचचा D चार वेळा वरखाली केला तर एलईडी चारही वेळा त्याच्यामागे जातो. 7474 वर क्लॉक एकवर धरून D कितीही हलवला तरी एलईडी हलत नाही. क्लॉक शून्यावरून एकवर जाताना D जे असेल तेच दिसतं."

सावध: आपल्या बऱ्याच पुस्तकांत आणि जर्नलमध्ये चार नॅन्ड गेटच्या लेव्हलवर चालणाऱ्या सर्किटलाही 'क्लॉक्ड एसआर फ्लिप-फ्लॉप' म्हटलेलं असतं. एक्स्टर्नलने त्यावर बोट ठेवलं तर वाद घालू नका. "नाव फ्लिप-फ्लॉप लिहिलंय, पण वागणूक लेव्हलची आहे, म्हणजे गेटेड लॅचच आहे," एवढं म्हणा.

## टप्पा ३: एसआरची निषिद्ध अवस्था

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. कारण एकच: सगळे "आउटपुट X येतं" म्हणतात आणि गप्प बसतात.

आधी टेबल पाठ करणं सोडा, गेटचा स्वभाव लक्षात ठेवा. नॅन्डच्या कुठल्याही इनपुटवर शून्य आला की आउटपुट हमखास एक. नॉरच्या कुठल्याही इनपुटवर एक आला की आउटपुट हमखास शून्य. या दोन वाक्यांवरून दोन्ही लॅचचे टेबल जागच्या जागी काढता येतात.

प्रश्न: नॅन्ड लॅचमध्ये कोणती अवस्था निषिद्ध आहे आणि का?

उत्तर: "दोन्ही इनपुट शून्य. तेव्हा दोन्ही गेटचं आउटपुट एक होतं, म्हणजे Q आणि Q' एकमेकांच्या उलट राहत नाहीत. शिवाय दोन्ही इनपुट एकदम परत एकवर नेले तर शेवटी Q काय राहील ते कोणतं गेट जास्त जलद आहे त्यावर ठरतं, ते आधी सांगता येत नाही."

पुढचा प्रश्न: मग त्या वेळी एलईडी काय दाखवतील?

उत्तर: "दोन्ही लागतील."

हाच सापळा आहे. निषिद्ध अवस्थेत असेपर्यंत आउटपुट अगदी पक्कं असतं: नॅन्डमध्ये दोन्ही एक, नॉरमध्ये दोन्ही शून्य. अनिश्चितता येते ती त्या अवस्थेतून बाहेर पडताना, आणि तीही दोन्ही इनपुट एकाच वेळी सोडली तर. एक आधी सोडलं तर निकाल ठरलेलाच असतो.

तपासा: जर्नलमध्ये क्लॉक्ड एसआर चार नॅन्डचं असेल, तर तिथे निषिद्ध अवस्था S = R = 1 आहे, 0 0 नाही. इनपुटकडची दोन नॅन्ड गेटं सिग्नल उलटवतात म्हणून. आत्ता कागदावर क्लॉक एक धरून एकदा तपासून घ्या.

## टप्पा ४: एसआरमधून जेके काढून दाखवा

"एका फ्लिप-फ्लॉपचं दुसऱ्यात रूपांतर करा" हा प्रश्न आला की मुलं टेबलांची अदलाबदल करतात. नियम एवढाच: जे हवंय त्याचा ट्रुथ टेबल, जे हातात आहे त्याचा एक्सायटेशन टेबल. हवाय जेके, हातात आहे एसआर. मग पायऱ्या अशा:

1. डावीकडे J, K आणि आत्ताचा Q यांच्या आठ ओळी लिहा.
2. प्रत्येक ओळीसमोर जेकेच्या नियमाने पुढचा Q लिहा (खाली तो `Q+` म्हणून आहे).
3. Q पासून `Q+` पर्यंत जायला एसआरला काय द्यावं लागेल ते एसआरच्या एक्सायटेशन टेबलवरून भरा.
4. S आणि R यांचे वेगळे के-मॅप करा.

```
J K Q | Q+ | S R
0 0 0 | 0  | 0 X
0 0 1 | 1  | X 0
0 1 0 | 0  | 0 X
0 1 1 | 0  | 0 1
1 0 0 | 1  | 1 0
1 0 1 | 1  | X 0
1 1 0 | 1  | 1 0
1 1 1 | 0  | 0 1
```

के-मॅप सोडवला की हे मिळतं:

```
S = J Q'
R = K Q
```

चूक कुठे होते ते सांगते. चौथी आणि आठवी ओळ बघा. Q एक आहे आणि तो शून्यावर आणायचाय, म्हणून तिथे S शून्य आणि R एक हवाच, X चालत नाही. घाईत तिथे X टाकला की के-मॅपमध्ये मोठा गट मिळतो, `S = J` असं छान छोटं उत्तर येतं आणि ते चूक असतं. उत्तर संशयास्पद सोपं आलं की या दोन ओळी परत बघा.

पुढचा प्रश्न: जेकेमध्ये निषिद्ध अवस्था का नाही?

उत्तर: "S मध्ये Q' आहे आणि R मध्ये Q आहे. Q आणि Q' एकाच वेळी एक नसतात, म्हणून S आणि R कधीच एकत्र एक होत नाहीत. J = K = 1 दिलं तरी दोन्हींपैकी एकच आत जातो, आणि तो Q ला उलटवतो."

बरेच जण नुसतं "जेकेमध्ये टॉगल होतं म्हणून" म्हणतात. ते कारण झालं नाही, परिणाम झाला. कागदावर समीकरणं समोरच असतात, त्यांच्यावर बोट ठेवून उत्तर द्या.

## टप्पा ५: रेस-अराउंड

वरचं उत्तर नीट दिलंत की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग जेकेमध्ये अडचण काहीच नाही?"

उत्तर: "लेव्हलवर चालणाऱ्या जेकेमध्ये J = K = 1 असताना क्लॉक फ्लिप-फ्लॉपच्या डिलेपेक्षा जास्त वेळ एक राहिला, तर आउटपुट पुन्हा पुन्हा उलटत राहतं आणि क्लॉक पडताना ते काय असेल ते सांगता येत नाही. याला रेस-अराउंड म्हणतात."

यात तीन अटी आहेत: लेव्हलवर चालणं, J = K = 1, आणि क्लॉकची रुंदी डिलेपेक्षा जास्त असणं. एकही गाळू नका. "J = K = 1 असताना रेस-अराउंड होतो" एवढंच म्हणालात तर प्रत्येक काउंटरमध्ये तो व्हायला हवा.

एक हिशोब तयार ठेवा. समजा फ्लिप-फ्लॉपचा डिले २० नॅनोसेकंद आहे आणि किटचा क्लॉक १ किलोहर्ट्झचा, अर्धा वेळ वर, अर्धा वेळ खाली. म्हणजे क्लॉक ५०० मायक्रोसेकंद एकवर राहतो. ५०० मायक्रोसेकंद म्हणजे ५,००,००० नॅनोसेकंद. त्याला २० ने भागलं की २५,०००. एका क्लॉकमध्ये आउटपुट पंचवीस हजार वेळा उलटेल. डिलेमध्ये एखाद्या नॅनोसेकंदाचा फरक पडला तरी शेवटची अवस्था बदलते, म्हणून ती सांगता येत नाही. हा हिशोब बोर्डावर केलात की त्या विषयावर सहसा पुढे कोणी छळत नाही.

पुढचा प्रश्न: मग क्लॉकची रुंदीच कमी करू?

उत्तर: "तत्त्वतः चालेल, पण ती २० नॅनोसेकंदांपेक्षा कमी हवी आणि तरी गेट बदलण्याइतकी जास्तही हवी. डिले प्रत्येक आयसीत आणि तापमानाप्रमाणे थोडा वेगळा असतो, म्हणून इतकी नेमकी रुंदी धरून ठेवणं जमत नाही. म्हणून कडेवर चालणारा किंवा मास्टर-स्लेव्ह फ्लिप-फ्लॉप वापरतात."

सावध, हा खरा सापळा: "तुम्ही 7476 वर रेस-अराउंड पाहिला का?" आमच्या बॅचचे निम्मे जण आनंदाने "हो सर" म्हणाले होते. 7476 वर तो दिसूच शकत नाही, कारण त्यात एका क्लॉकला आउटपुट एकदाच बदलतं. उत्तर "नाही" असंच द्या, आणि कारण सांगा.

## टप्पा ६: मास्टर-स्लेव्ह म्हणजे एज-ट्रिगर नव्हे

प्रश्न: मास्टर-स्लेव्हमध्ये रेस-अराउंड कसा टळतो?

उत्तर: "क्लॉक एक असताना मास्टर इनपुट घेतो, स्लेव्ह बंद असतो. क्लॉक शून्य झाला की मास्टर बंद होतो आणि स्लेव्ह त्याची अवस्था उचलतो. फीडबॅक स्लेव्हच्या आउटपुटवरून येतो आणि क्लॉक एक असेपर्यंत ते आउटपुट बदलत नाही. म्हणून एका क्लॉकमध्ये एकदाच टॉगल होतं."

पुढचा प्रश्न: म्हणजे तो निगेटिव्ह एज-ट्रिगर झाला ना?

इथे मान डोलावू नका. आउटपुट पडत्या कडेवर बदलतं हे खरं, पण इनपुटकडे लक्ष क्लॉक एक असेपर्यंत सतत असतं. समजा Q शून्य आहे, क्लॉक एक आहे, आणि मध्येच J वर क्षणभर एकचा झटका येऊन गेला. मास्टर सेट झाला. आता J परत शून्यावर आला तरी मास्टर मागे जात नाही, कारण Q शून्य असताना K चा रस्ताच बंद असतो (`R = K Q` आठवा). क्लॉक पडला की Q एक होतो, जरी त्या क्षणी J शून्य असला तरी. याला वन्स कॅचिंग म्हणतात.

उत्तर: "नाही. मास्टर-स्लेव्हमध्ये क्लॉक एक असताना J आणि K स्थिर ठेवावे लागतात. एज-ट्रिगरमध्ये फक्त कडेच्या आसपास स्थिर असले की पुरतं."

तपासा: तुमच्या आयसीवर नेमकं काय छापलंय? साधा 7476 मास्टर-स्लेव्ह आहे, 74LS76 पडत्या कडेवर चालणारा एज-ट्रिगर आहे. पिना सारख्या, वागणूक वेगळी. जर्नलमध्ये 7476 लिहून किटवर LS लावलेला असतो, हे आपल्याकडे सर्रास चालतं.

"कडेच्या आसपास म्हणजे किती?" असं विचारलं तर सेटअप आणि होल्ड टाइम सांगा: कडेच्या आधी इनपुट जेवढा वेळ स्थिर हवं तो सेटअप, नंतर जेवढा हवं तो होल्ड. 7474 च्या डेटाशीटमध्ये हे २० आणि ५ नॅनोसेकंद आहेत. ते पाळले नाहीत तर आउटपुट थोडा वेळ शून्य आणि एक यांच्या मध्येच लोंबकळू शकतं, त्याला मेटास्टेबल म्हणतात. यापुढे सहसा कोणी जात नाही.

## टप्पा ७: किटसमोरचे प्रश्न

प्रश्न: प्रीसेट आणि क्लिअर कुठे जोडलेत?

उत्तर: "दोन्ही ॲक्टिव्ह लो आहेत, म्हणून नेहमीच्या कामासाठी दोन्ही एकवर. ते क्लॉकची वाट बघत नाहीत, म्हणून असिंक्रोनस." मोकळे सोडलेत असं चुकूनही म्हणू नका. टीटीएलमध्ये मोकळी पिन एकसारखी वागते म्हणून काम चालून जातं, पण जवळून हात फिरला तरी फ्लिप-फ्लॉप रिसेट होऊ शकतो. सीमॉसच्या आयसीत तर मोकळ्या इनपुटचा भरवसाच नसतो.

प्रश्न: टॉगलवर १ किलोहर्ट्झ दिला तर आउटपुट किती? ५०० हर्ट्झ. दुसरा फ्लिप-फ्लॉप पुढे जोडला तर २५०. यावर वेळ घालवू नका.

शेवटचा प्रश्न मला विचारला गेला होता आणि मी अडकले होते. J = K = 1 ठेवून मी क्लॉक साध्या स्विचने देत होते. एकदा दाबलं की एलईडी कधी बदलायचा, कधी नाही. मी म्हणाले, "आयसी खराब असेल." मॅडमनी तेच स्विच 7474 च्या क्लॉकला लावायला सांगितलं आणि तिथे D प्रमाणे सगळं बरोबर आलं. मग विचारलं, "याच स्विचवर हा का चालतो?"

उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं. स्विच दाबला की आतल्या पट्ट्या काही वेळा उसळतात, म्हणून एका दाबण्यात अनेक कडा जातात. जेके टॉगलवर असेल तर प्रत्येक कडेला उलटतो. कडा सम झाल्या तर जिथे होता तिथेच परत येतो आणि आपल्याला वाटतं की काही झालंच नाही. D मात्र स्थिर असतो, त्यामुळे दहा कडा आल्या तरी दहाही वेळा तोच आकडा लिहिला जातो. उपाय म्हणजे दोन टोकांचा स्विच आणि त्यापुढे नॅन्डचा एसआर लॅच: पट्टी एका टोकाला पहिल्यांदा टेकली की लॅच बदलतो, आणि ती उसळून मध्ये आली तर दोन्ही इनपुट एक राहून तो तसाच थांबतो. तुमच्या किटवर 'पल्सर' लिहिलेलं बटण असेल तर हे काम बहुधा त्याच्या आतच केलेलं असतं. टॉगलच्या प्रयोगाला क्लॉक तिथूनच घ्या.